ओली मिरची २० किलो, ऊन विरुद्ध मीटर (प्रकल्प नोंदी)

५ जानेवारी

पथारीवर मिरची उन्हात वाळत टाकायची तर १०-१५ दिवस जातात आणि मध्ये एखादा ढगाळ दिवस आला की फटकी, म्हणजे पांढरट पडलेली मिरची, वाढते, हे नंदुरबारकडे कुणाला सांगायला नको. मागच्या सीझनला मी एक सेकंडहँड ट्रे ड्रायर घेतला, १२ ट्रेचा, ३ किलोवॅटचा हीटर आणि खाली छोटा ब्लोअर. वापरला चारच वेळा, कारण बिल बघून अण्णा म्हणाले, "उन्हात फुकट वाळतं त्याला मीटर कशाला लावायचा?" आता दिवाळीनंतर मी सोलर ड्रायर पण बनवला. ४ चौरस मीटरचा कलेक्टर, काळा रंग दिलेला पन्हाळी पत्रा, त्यावर काच, मागे प्लायवूडची पेटी आणि पॅनेलवर चालणारा १२ वॅटचा पंखा. दोन्ही एकाच शेडपाशी आहेत तर एकदा नीट मोजूनच टाकू म्हटलं, की २० किलो ओल्या मिरचीतलं पाणी उडवायला खरंच किती ऊर्जा लागते आणि त्यातली वाया किती जाते.

सामान फार नाही. ५० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा, तीन डिजिटल थर्मामीटर (वायरवाले, स्वस्त) आणि ड्रायरच्या लाईनला एक वेगळा सबमीटर. थर्मामीटर तिन्ही एकत्र एकाच पाण्यात बुडवून बघितले, एक जण दीड डिग्री जास्त दाखवतो, त्याच्यावर मार्करने "-१.५" लिहून टाकलं.

६ जानेवारी

पहिली चूक कागदावरच झाली. ओल्या मिरचीत ७४ टक्के पाणी, सुक्यात १० टक्के राहिलं पाहिजे, म्हणजे ६४ टक्के काढायचं, २० किलोचे ६४ टक्के १२.८ किलो, असं मी धाडकन लिहून मोकळा झालो. हे चुकीचं आहे, कारण ते १० टक्के आधीच्या २० किलोचे नाहीत, शेवटी उरलेल्या सुक्या वजनाचे आहेत.

बरोबर हिशोब सुक्या मालावरून करायचा, कारण तो बदलत नाही. भाच्याने कॉलेजच्या लॅबमध्ये १०० ग्रॅम मिरची कापून १०५ डिग्रीला २४ तास ठेवली, उरली २६ ग्रॅम. म्हणजे २० किलोत कोरडा माल ५.२ किलो. हा माल शेवटच्या वजनाच्या ९० टक्के असायला हवा, म्हणून शेवटचं वजन ५.२ भागिले ०.९, म्हणजे ५.७८ किलो. पाणी उडवायचं १४.२ किलो. माझ्या पहिल्या आकड्यापेक्षा जवळजवळ दीड किलो जास्त. तो दीड किलो आत राहिला असता तर पोत्यात बुरशी ठरलेली.

आता टार्गेट सोपं झालं. काट्यावर ५.८ आलं की थांबायचं, मिरची दाबून बघायची गरज नाही. (बघणार मी तरीपण, सवय आहे.)

७ जानेवारी

कमीत कमी किती ऊर्जा लागेल ते काढलं. ५०-५५ डिग्रीला एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २३८० किलोज्यूल लागतात. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल, तेव्हा एक किलो पाण्याला ०.६६ युनिट. १४.२ किलोला ९.४ युनिट. शिवाय २० किलो मिरची थंडीतल्या तापमानावरून तापवायची त्याला ०.६ धरला. बेरीज १० युनिट.

हे १० युनिट म्हणजे तळ. मशीन कितीही भारी आणा, वाफ बाहेर सोडून द्यायची असेल तर याच्या खाली जाता येत नाही. वाफेतली उष्णता परत पकडणारे हीट पंप ड्रायर असतात, ते मीटरवर याच्या खाली जाऊ शकतात, पण ते आपल्या शेडात नाहीत. तेव्हा माझ्यापुरता प्रश्न एवढाच की १० च्या वर किती जातात आणि कुठून जातात.

९ जानेवारी

रिकामा ड्रायर चालवला. अण्णांना हे अजिबात पटलं नाही, रिकामी भट्टी कोण पेटवतं. पण हे केल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

माझ्या ड्रायरमध्ये हवा एकदाच जाते, खालून आत, हीटरवरून, ट्रेंमधून आणि वरच्या तोंडाने बाहेर. हीटरनंतर ५८ डिग्री लावलं तर वरून बाहेर येताना ५५ दाखवतं. आत मिरची नाही तरी ३ डिग्री गेले, ते पत्र्याच्या भिंतींनी खाल्ले. मिरची भरल्यावर हवा जेवढी थंड होऊन बाहेर येईल त्यातून हे ३ वजा करायचे, बाकी जो थंडावा तो पाणी उडवण्यात गेला. आणि हवा तापवायला जेवढे डिग्री खर्च केले त्याने त्याला भागलं की कार्यक्षमता हातात येते. वाऱ्याचा वेग मोजायची गरज नाही, तीन थर्मामीटर पुरतात. यात थोडी ढिलाई आहे पण काट्याच्या वजनाशी जुळतं की नाही ते बघूच.

११ जानेवारी

इलेक्ट्रिकची पहिली रन. २० किलो फापडा जातीची मिरची, एका दिवसाच्या तोडणीची, देठासकट, चीर न देता. ट्रेवर एकच थर. सेटिंग ५८ डिग्री. याच्यावर जायचं नाही हे मागच्या वर्षीच शिकलोय, घाईत ७० लावलं होतं तर खालचे दोन ट्रे चॉकलेटी झाले आणि व्यापाऱ्याने एक मिरची मोडून बघून सरळ जळका माल म्हणून भाव सांगितला.

सकाळी ९ ला सुरू केलं. शेडमधलं तापमान दिवसरात्र मिळून सरासरी २२ धरतो.

पहिल्या ६ तासात ७ किलो पाणी गेलं, मीटर १४.४ युनिट फिरला. बाहेर येणारी हवा ४२ च्या आसपास होती, हात धरला तर आंघोळीनंतरच्या बाथरूमसारखी दमट, आणि डोळ्यात झणझणी.

पुढच्या ६ तासात मीटर तेवढाच, १४.४, पण पाणी गेलं ४.२ किलो. बाहेर येणारी हवा ४७.

त्यानंतर ८ तास लागले उरलेले ३ किलो काढायला. १९.२ युनिट. बाहेर येणारी हवा ५१ वरून वाढत वाढत शेवटच्या तासाला ५४. पहाटे ५ ला काट्यावर ५.८ आलं तेव्हा मी खुर्चीतच झोपलेलो होतो, भाच्याने उठवलं.

एकूण ४८ युनिट.

१२ जानेवारी

झोप काढून हिशोब केला. १० च्या जागी ४८, म्हणजे २१ टक्के कामाला आले. किलोमागे बघितलं तर जास्त डोळे उघडतात. पहिल्या टप्प्यात एक किलो पाण्याला २ युनिट, दुसऱ्यात ३.४ आणि शेवटच्यात ६.४.

थर्मामीटर पण हेच सांगत होते. हवा २२ वरून ५८ ला नेली, म्हणजे ३६ डिग्रीचा खर्च. सुरुवातीला ती ४२-४३ वर बाहेर आली, भिंतीचे ३ वजा करून १३ डिग्री कामाला, तेरा छत्तिसांश, ३६ टक्के. शेवटच्या तासाला ५४ वर बाहेर, वजा ३, कामाला १ डिग्री. ३६ डिग्री तापवून १ वापरला, ३ भिंतींनी खाल्ले आणि बाकी ३२ कडकडीत कोरडे गरम शेडच्या बाहेर कावळ्यांना शेकायला. हीटर बिचारा काय करणार, त्याने त्याचं काम केलं, हवेला घ्यायला पाणीच समोर नव्हतं.

पाणी समोर का नव्हतं ते मिरची कापली की दिसतं. १२ तासांनी एक मिरची मधोमध फाडली, बाहेरून साल सुरकुतलेली कोरडी, आत बियांच्या गाभ्याजवळ अजून ओलसर चिकट. मिरचीच्या सालीवर मेणासारखा थर असतो, आतलं पाणी त्यातून हळूहळू झिरपत बाहेर येतं आणि त्याचा वेग आतल्या आत ठरतो. बाहेरून वारा दुप्पट केला तरी फरक पडत नाही, फक्त जास्त गरम हवा फुकट जाते. ज्वारी-मक्याच्या दाण्याचंही तेच, फक्त तिथे काढायचं पाणी खूप कमी असतं (मका १८ वरून १२ ला आणायचा तर १०० किलोत पावणेसात किलोच) आणि जवळजवळ सगळंच असं हट्टी, आतलं पाणी.

१५ जानेवारी

मग सरळ गोष्ट, शेवटी जी हवा कोरडी आणि गरमच बाहेर जातेय ती परत आत घ्यायची. ६ इंची जीआय पाईप आणून वरच्या तोंडापासून खाली ब्लोअरपर्यंत परतीची वाट केली, मध्ये पत्र्याचा डँपर, म्हणजे हवा वळवायची झडप, हाताने फिरवायची. जोडांना अॅल्युमिनियम टेप.

आणि उत्साहात लगेच माती खाल्ली. ५ किलो मिरची टाकून टेस्ट करताना डँपर पूर्ण परतीकडे फिरवला आणि जेवायला गेलो, बाहेरचं तोंड पूर्ण बंद. आलो तर दाराच्या काचेवर आतून पाणी ओघळत होतं, मिरचीचा वास वाळवणीचा नाही तर उकडलेल्या भाजीचा आणि वजन दीड तासात जेमतेम हललेलं. मीटर मात्र एकदम कमी फिरला होता. नुसता मीटर बघितला असता तर मी खूश झालो असतो. काच धुरकट झाली की डँपर उघडा, एवढी खूण आता दारावरच लिहून ठेवली.

१७ जानेवारी

दुसरी रन, तेवढीच २० किलो, कोरडा माल परत २६ टक्केच निघाला. पहिले ६ तास डँपर पूर्ण बाहेर, जसं आधी होतं तसं, कारण तेव्हा हवा खरंच दमट होऊन बाहेर येते, ती परत आत घेऊन उपयोग नाही. त्यानंतर साधारण दोन तृतीयांश हवा परत आत.

२२ तास लागले, २ तास जास्त. पण मीटर ३५ युनिट. पाईप आणि टेपचा खर्च धरूनही एका सीझनमध्ये निघतो. एक किलो पाण्यामागे सरासरी अडीच युनिट, कार्यक्षमता २९ टक्क्यांच्या आसपास. माझ्या बिलात सगळं मिळून युनिट ८ रुपयाला पडतं असं धरलं तर एक किलो सुक्या मिरचीमागे विजेचे ४८ रुपये. आधी ६६ होते.

अण्णांनी ४८ ऐकून फक्त मान हलवली. कोणत्या दिशेने ते लिहीत नाही.

१९ ते २२ जानेवारी

सोलर. परत २० किलो, परत एकच थर. आकाश चारही दिवस स्वच्छ, नशीब.

दुपारी १२ ला बाहेर २६ डिग्री, कलेक्टरमधून पेटीत येणारी हवा ५४, पेटीतून बाहेर ३७. म्हणजे पहिल्या दिवशी थर्मामीटरप्रमाणे हे प्रकरण इलेक्ट्रिकच्या तोडीस तोड चाललेलं. संध्याकाळी वजन १४.४. दुसऱ्या दिवशी १०.२. तिसऱ्या दिवशी ७.४. चौथ्या दिवशी पाचच्या सुमाराला ५.८. दिवसाला पाणी गेलं ५.६, मग ४.२, मग २.८, मग १.६. म्हणजे उन्हातसुद्धा तीच उतरंड आहे, चौथ्या दिवशी पेटीतून बाहेर पडणारी हवा जवळजवळ आत येते तेवढीच गरम.

आता ऊर्जा. जानेवारीत आपल्याकडे दक्षिणेला कललेल्या काचेवर स्वच्छ दिवसाला चौरस मीटरमागे साधारण साडेपाच युनिट ऊन पडतं असं धरलं, ४ मीटरचे २२ युनिट, चार दिवसांचे ८८. त्यातले १० कामाला आले. ११ टक्के! कागदावर बघितलं तर सोलर ड्रायर माझ्या त्या पहिल्या उधळ्या इलेक्ट्रिक रनपेक्षा निम्म्याने वाईट आहे. फक्त त्या ८८ चं बिल येत नाही. पंख्याने चार दिवसात एक तृतीयांश युनिट खाल्लं ते पण पॅनेलचंच.

म्हणून सोलरला टक्केवारीने मोजणं मला चुकीचं वाटायला लागलंय. तिथे महाग गोष्ट ऊन नाही, जागा आणि दिवस आहेत. ४ चौरस मीटर काच चार दिवस अडकते तेव्हा २० किलो निघते, म्हणजे रोज ५ किलो ओली मिरची. आमची एका दिवसाची तोडणी दीड-दोन क्विंटल असते. तेवढी सगळी अशी वाळवायची तर नुसती काचच १२०-१६० चौरस मीटर लागेल, शेत काचेचं करावं लागेल.

दोन बारीक गोष्टी. दुसऱ्या दिवशी दुपारी कलेक्टरची हवा ५४ ऐवजी ४९ च दाखवायला लागली, मी वायर तपासतोय, पंखा तपासतोय, आणि निघालं काय तर शेजारच्या वावरात ट्रॅक्टर चालला होता त्याची धूळ काचेवर. ओल्या फडक्याने पुसली, अर्ध्या तासात ५३.

दुसरी जास्त महत्त्वाची. रात्री मिरची पेटीत उघडी न ठेवता मी प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून ठेवायचो. सकाळी कागद उघडला की आदल्या संध्याकाळी कोरडी खडखडीत लागलेली साल परत मऊ झालेली असायची, आतलं पाणी रात्रभरात सालीकडे आलेलं. आणि त्यामुळे सकाळी ऊन तेवढं तापलेलं नसतानाही पहिला तास-दीड तास हवा चांगली थंड होऊन बाहेर यायची. म्हणजे रात्र वाया जात नाही, झिरपायचं काम फुकटात होतं. पथारीवाले संध्याकाळी ढीग करून ताडपत्री टाकतात, मला वाटायचं ते फक्त दवासाठी.

२३ जानेवारी

काल झालेली ५.८ किलो हौसेने खाटेवर पसरून ठेवली, थंड होऊ दे म्हणून, आणि विसरलो. सकाळी ५.९५. दीडशे ग्रॅम पाणी रात्रीच्या हवेतून परत ओढलं, म्हणजे १० वरून साडेबारा टक्क्यांच्या वर. निवडायला येणाऱ्या मावशींनी मूठभर उचलून कानाशी हलवली आणि म्हणाल्या, "खुळखुळत नाय बरोबर, नरमली." काटा मी नंतर लावला, आकडा त्यांचाच खरा निघाला. परत दोन तास पेटीत टाकली. वाळली की गार होईपर्यंतच थांबायचं, लगेच पिशवी.

२५ जानेवारी

दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघतोय. सोलरमध्ये पहिल्या दोन दिवसात १४.२ पैकी ९.८ किलो पाणी गेलं, आणि पुढचे दोन दिवस काच अडवून ठेवली फक्त ४.४ किलोसाठी. दोन दिवसात बाहेर काढली तर त्याच काचेत दुप्पट माल निघेल. उरलेलं ४.४ विजेवर.

पण विजेवर तर हेच शेवटचं पाणी सगळ्यात महाग पडलं होतं, किलोला सहा युनिट! भाचा म्हणाला मामा मग उलटं करा, सुरुवात विजेवर आणि शेवट उन्हात. नुसता मीटर बघितला तर त्याचं बरोबर आहे. पण तसं केलं तर सोपं पाणी, जे ऊन भराभर उडवतं, त्याला आपण पैसे देणार आणि सोलर पेटी परत त्या हट्टी टप्प्यातच दोन-दोन दिवस अडकणार.

आणि शेवटचं पाणी महाग पडलं त्याचं कारण ते शेवटचं आहे एवढंच नाही. अर्धं कारण हे की ड्रायर तेव्हा रिकामा असल्यासारखा चालत होता. मिरची आकसून ट्रेमध्ये निम्मी जागा मोकळी, आणि हवा तेवढीच. मग दोन दिवस सोलरमध्ये झालेल्या दोन खेपा एकत्र करून एकाच वेळी इलेक्ट्रिकमध्ये घालायच्या, डँपर परतीकडे ठेवून. हवा तीच, पाणी देणारी मिरची दुप्पट.

३० जानेवारी

करून बघितलं. पहिली २० किलो २६-२७ ला सोलरमध्ये, १०.२ वर काढली आणि कागदात बांधून ठेवली. दुसरी २० किलो २८-२९ ला, ती १०.३ वर. पहिलीला दोन दिवस बांधून ठेवताना धाकधूक होती कारण अजून निम्मं वजन पाण्याचंच होतं आणि अशा मिरचीला बुरशी पटकन धरते. रोज दुपारी तासभर सावलीत पसरून वारा दिला, देठापाशी पांढरं काही दिसलं नाही. पण थंडी होती म्हणून जमलं, मार्चमध्ये हे करणार नाही. त्यापेक्षा दोन पेट्या करून दोन्ही खेपा एकाच दिवशी तयार करणं बरं.

काल रात्री ८ ला दोन्ही मिळून साडेवीस किलो ड्रायरमध्ये, ५५ डिग्री, एक तृतीयांश हवा बाहेर. आज सकाळी १० ला ११.६ किलो. १४ तास, २० युनिट, पाणी ८.९ किलो. किलोला सव्वादोन युनिट, तेही पूर्ण हट्टी टप्प्यातलं पाणी. एका खेपेच्या वाट्याला १० युनिट, सुक्या मिरचीच्या किलोमागे १४ रुपये.

वरचे चार ट्रे मात्र थोडे नरमच राहिले, दुप्पट भरल्यामुळे हवा तिथपर्यंत पोचताना गार आणि दमट होते. मध्ये एकदा वरचे खाली आणि खालचे वर करायला हवे होते, रात्री २ ला उठायचा आळस केला. ते चार ट्रे आत्ता सोलर पेटीत टाकलेत, दुपारपर्यंत होतील.

मावशींना दोन्ही ढीग दाखवले, विजेवर शेवट झालेला आणि १९-२२ वाला पूर्ण उन्हाचा. त्यांनी देठ मोडून बघितला, कट्ट आवाज आला. रंग विचारला तर पेटीतल्याला पथारीपेक्षा लाल म्हणाल्या, पण उन्हाच्या आणि विजेच्या ढिगात फरक सांगता येईना. अण्णा तेवढ्यात येऊन मीटरवरचा आकडा वाचून गेले आणि जाताना विचारलं की दुसऱ्या पेटीला काच किती लागेल.